बंद कंपनीच्या संचालकाचा परिचय

नाव, गाव, शिक्षण इथपर्यंत माझा परिचय सरळ चालतो. गाव गंगापूर तालुक्यात, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, नोकरी वाळूजच्या एमआयडीसीत. वाळूज आमच्याच तालुक्यात येत असल्यामुळे नोकरीसाठी गाव सोडलं, असंही म्हणायची सोय नाही. त्यापुढची ओळ ‘संस्थापक व संचालक’ अशी सुरू होते आणि तिथं घोडं अडतं. ज्या कंपनीचा मी संस्थापक, ती कंपनी आता नाही.

तरी परिचय मागणारे थांबत नाहीत. कॉलेजात नवउद्योजकांचा मेळावा असला की चार यशस्वी वक्त्यांबरोबर एखादा बंद पडलेलाही लागतो. यशस्वी मंडळींना प्रमुख सत्र मिळतं, आम्हाला जेवणाच्या आधीचं. तेव्हा मुलं भुकेली असतात आणि प्रश्न विचारत नाहीत. तर अशा एका मेळाव्यासाठी परिचय लिहायला बसलो आणि घरातून सूचना आल्या. भाचा म्हणाला, “मामा, ‘सध्या नव्या संधींच्या शोधात’ असं टाक.” आई म्हणाली, “कशाला गावभर सांगतो? इंजिनिअर आहेस तेवढं लिही.” आयोजकांनी तर फोनवर धीरच दिला. “सर, अपयश म्हणायचं नाही. लर्निंग म्हणायचं.”

माझी हरकत नाही. पण शिकलो म्हणणाऱ्याला काय शिकलास असं कुणी विचारलं, तर परीक्षेत लिहिता येईल एवढं तरी उत्तर त्याच्यापाशी हवं. ‘चिकाटीचं महत्त्व कळलं’ हे उत्तर मी तपासनीस असतो तर शून्य गुण देऊन सोडलं असतं. म्हणून माझा परिचय थोडा लांबणार आहे.

कंपनीचं नाव इथं देत नाही. त्यात ‘ॲग्रो’ही होतं आणि ‘टेक’ही होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. काम असं: ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याचा ट्रॅक्टर रिकामा उभा राहतो, ज्याच्याकडे नाही त्याचं रान तसंच पडून राहतं. दोघांची गाठ मोबाइलवर घालून द्यायची आणि मधले आठ टक्के आपण घ्यायचे. कल्पना माझी एकट्याची नव्हती. महिंद्रांनी २०१६ साली ‘ट्रिंगो’ नावानं ट्रॅक्टर भाड्यानं देण्याची सेवा काढली होती. त्याच्याही आधी नायजेरियात ‘हॅलो ट्रॅक्टर’ निघालं होतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारनंही भाड्याच्या अवजारांसाठी ॲप आणलं. शहरातली टॅक्सी ॲपवर येते, मग गंगापुरातला रोटाव्हेटर का येऊ नये, या वाक्यावर मी नोकरी सोडली. हे वाक्य इतकं गुळगुळीत होतं की ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच त्याला पकडायला कड सापडली नाही.

टॅक्सीचं गणित कशावर चालतं? एकाला सकाळी सातला स्टेशन गाठायचं असतं, दुसऱ्याला अकराला दवाखाना, तिसऱ्याला रात्री लग्नाहून परतायचं असतं. गरजा दिवसभर पसरलेल्या असतात, म्हणून एक गाडी वीस जणांना पुरते. आमच्याकडे गरज पसरलेली नसते, ती आभाळातून एकाच दिवशी पडते.

शेतीशी संबंध नसलेल्यांसाठी जरा सविस्तर सांगतो. कोरडवाहू रानात जूनचा पाऊस झाला म्हणून लगेच पेरता येत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि ते खरंच आहे. वरवरच्या ओलीवर पेरलं आणि पावसानं ताण दिला की दुबार पेरणी ठरलेली. बरं, पुरेसा पाऊस झाला तरी काळ्या रानात दोन-तीन दिवस पाय घालता येत नाही. चिखल टायरला चिकटतो, पेरणी यंत्राची नळी बुजते. मग वाफसा येतो. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि खाली टाकायचा. फुटला तर वाफसा आला, चपटा झाला तर थांबा. एकदा वाफसा आला की हातात चार-पाच दिवस असतात. ऊन लागलं तर तेवढेही नाहीत. त्या चार-पाच दिवसांत अख्ख्या शिवाराला पेरायचं असतं, आणि शेजारच्या शिवारालाही.

आता आमच्या शेवटच्या वर्षाचा हिशेब पाहा. आमच्याकडे ४० ट्रॅक्टर नोंदलेले होते. मका, सोयाबीन पेरायला एक ट्रॅक्टर दिवसाला आठ एकर उरकतो. म्हणजे दिवसाला ३२० एकर, पाच दिवसांत १६०० एकर. नोंदलेले शेतकरी ६००, प्रत्येकाचं सरासरी तीन एकर धरलं तर मागणी १८०० एकरांची. पुरवठा १६००, मागणी १८००. लॅपटॉपच्या पडद्यावर ही जोडी इतकी गोड दिसायची की पैसे गुंतवू पाहणाऱ्या एका गृहस्थांनी ती दोनदा उघडून पाहिली.

प्रत्यक्षात वाफसा आला की ट्रॅक्टरवाला पहिल्या दिवशी स्वतःचं रान पेरतो. दुसऱ्या दिवशी भावाचं, चुलत्याचं आणि ज्याच्या विहिरीवरून उन्हाळ्यात पाणी घेतलं त्याचं. ॲपवरच्या माणसाचा नंबर तिसऱ्या दिवशी लागतो. तोपर्यंत दहा ट्रॅक्टर कुठं ना कुठं अडकलेले असतात. कुणाचा हायड्रॉलिकचा पाइप फुटलेला, कुणाचा ड्रायव्हर स्वतःची पेरणी करायला गावी गेलेला. उरले ३० ट्रॅक्टर आणि तीन दिवस. रानं लहान, बांधाबांधानं तुटलेली आणि एकमेकांपासून लांब, त्यामुळे दिवसाचे आठ एकर सहावर येतात. तीस गुणिले तीन गुणिले सहा म्हणजे ५४० एकर. मागणी १८०० एकरांची. बाकीच्या १२६० एकरांचे मालक त्या आठवड्यात मला फोन करत होते. काही जणांनी माझ्या वडिलांनाही केले.

त्या गुंतवणूकदार गृहस्थांनी एक हुशारीचा प्रश्न विचारला होता. पाऊस काही सगळीकडे एकदम पडत नाही. लासूर स्टेशनकडे पडला आणि कायगाव टोक्याकडे नाही पडला, तर तिकडचे रिकामे ट्रॅक्टर इकडे आणा की! मलाही हे पटलं होतं. कायगावकडच्या एका ट्रॅक्टरवाल्या मामांनी ते एका वाक्यात निकालात काढलं. “मी तिकडं गेलो आन् रात्री इकडं पाणी पडलं, तर माझं रान कोण पेरील, तुझा मोबाइल?” ट्रॅक्टर रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरनं चालतो आणि जाता-येता डिझेल पितो, हे आम्ही हिशेबात धरलं होतं. आभाळाकडे बघत घराजवळ थांबण्याचीही माणसाला किंमत वाटते, हे धरलं नव्हतं. आणि ती किंमत आमच्या भाड्यापेक्षा कायम जास्त भरली.

मग जुलै-ऑगस्ट येतो. उभ्या कपाशीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. कोळपणी बैलांची, खुरपणी बायांची, आणि ॲप आमचं. त्या दोन महिन्यांत ॲप उघडणारी माणसं बहुतेक आमच्याच ऑफिसातली होती.

उन्हाळ्यातल्या नांगरटीत मात्र वाट मोकळी असते. मार्चपासून मेअखेरपर्यंत कधीही नांगरा, वाफशाची घाई नाही. एक ट्रॅक्टर खरोखर वीस जणांना पुरतो. टॅक्सीचं गणित लागू व्हायचं ते इथं. पण उन्हाळ्यात शेतकऱ्यालाही सवड असते. तो संध्याकाळी चालत ट्रॅक्टरवाल्याच्या ओट्यावर जातो, चहा घेतो, एकराला दोन हजारांचे अठराशे करून घेतो आणि परत येतो. त्याला मध्ये मी कशाला हवा? एकदा आमच्यामार्फत गाठ पडली की दोघांकडे एकमेकांचा नंबर असायचाच. पुढच्या वर्षी दोघंही मला रस्त्यात भेटून “चांगलं काम काढलं भाऊ तुम्ही” म्हणायचे आणि आठ टक्के वाचवायचे. ज्या दिवसांत ॲपची गरज होती त्या दिवसांत ट्रॅक्टर मोकळा नव्हता, आणि ट्रॅक्टर मोकळा होता तेव्हा ॲपची गरज नव्हती. धंदा बंद होण्याचं कारण विचाराल तर हे आहे. सॉफ्टवेअर चांगलं चालत होतं. मराठीत बोलायचंसुद्धा.

पेरणीचे एकरी हजार रुपये धरले तर आमचे ८० रुपये. ५४० एकरांचे ४३,२०० रुपये. ऑफिसचं भाडं, तीन मुलांचे पगार, सर्व्हर, मेसेज मिळून महिन्याचा खर्च ९० हजारांच्या आसपास. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आठवड्यात अर्धा महिना निघत नव्हता. हे असं मांडून कुणी आधी दाखवलं असतं तर, असं वाटतं. पण हे मांडायला लागतं ते चार ओळींचं अंकगणित, आणि ते येणाऱ्या माणसानंच ॲप काढलं होतं.

आता उधारी. हा धडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो कुठल्याच मेळाव्यात कुणी सांगत नाही. ट्रॅक्टरवाल्याला सकाळी डिझेलला रोख पैसे लागतात. शेतकऱ्याकडे जूनमध्ये रोख नसते, बी-खतातच सगळी गेलेली असते. तो म्हणतो, माल निघाल्यावर देतो, आणि देतोही. कपाशीची पहिली वेचणी दसऱ्याच्या मागंपुढं होते, पैसा हातात येईपर्यंत दिवाळी. जून ते नोव्हेंबर, पाच महिने. दोघांचाही विश्वास राहावा म्हणून मधले पैसे कंपनी भरायची. कंपनी ते दीड टक्का महिन्यानं आणायची. हजार रुपयांवर पाच महिन्यांचं व्याज ७५ रुपये. कमिशन ८० रुपये. एकरामागं पाच रुपये उरले, त्यातून पाच महिने आठवण करून देणारे फोन करायचे.

ट्रॅक्टरवाले आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवहार बिनव्याजी करत आलेत. कसा, तर पेरणीचे पैसे राहिले की कडबा येतो, मजुरीला माणूस येतो, लग्नात आहेर येतो. सगळं कुणाच्या तरी डोक्यात लिहिलेलं असतं. आम्ही त्यातला फक्त पैसा उचलला आणि बाकीचं तिथंच ठेवलं. मग पैशाला व्याज लागलं.

बंद करायचं ठरलं तेव्हा वाटलं, शटर ओढलं की झालं. तसं नसतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी ऑनलाइन अर्ज करून आठ-दहा दिवसांत जन्माला येते. मरायला तिला वर्षं लागतात. कंपनी कायदा २०१३, कलम २४८. स्वतःहून नाव काढून घ्यायचं तर कंपनीनं आधीची दोन आर्थिक वर्षं काहीच धंदा केलेला नसावा. म्हणजे दोन वर्षं ती बसवून ठेवायची. आणि बसलेल्या कंपनीचंही ऑडिट होतं. वार्षिक सभा होते, ताळेबंद आणि वार्षिक विवरण भरावं लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागं दिवसाला १०० रुपये, वर मर्यादा नाही. कित्येक मुलं इथंच फसतात. धंदा बंद केला म्हणजे कंपनी बंद झाली असं समजून गप्प बसतात आणि तीन वर्षं विवरण न भरल्यामुळे पाच वर्षांसाठी कुठल्याही कंपनीचे संचालक व्हायला अपात्र ठरतात. बंद पडलेल्या धंद्यात पैसे बुडतातच, पण न बंद केलेल्या कंपनीत पुढचा धंदाही बुडतो.

आमची सभा मी आणि माझा भागीदार मिळून घ्यायचो. इतिवृत्तात ‘सखोल चर्चेअंती’ असं लिहावं लागतं. काय चर्चा केली? त्याच्या मुलीच्या शाळेची.

जीएसटीचा नंबर आधी रद्द करायचा, आणि तो रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरण, जीएसटीआर-१०, भरायचं. हे विसरायला फार सोपं, कारण नंबर रद्द झाला की माणूस हुश्श करतो. बँकेचं खातं बंद करायचं. सगळी देणी फेडायची, एक रुपयाही शिल्लक ठेवायचा नाही. येणी असतील तर वसूल करायची नाहीतर बुडीत म्हणून सोडायची. मग सीएनं प्रमाणित केलेलं हिशेबपत्रक, तेही तीस दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. त्यासोबत संचालकांचं प्रतिज्ञापत्र आणि उद्या काही देणं निघालं तर आम्ही भरू असं हमीपत्र. हे सगळं जोडून एसटीके-२ नावाचा अर्ज, फी १० हजार रुपये. पूर्वी हा अर्ज आपापल्या निबंधकाकडे तुंबायचा. मे २०२३ पासून देशभरातल्या अशा अर्जांसाठी हरयाणात मानेसरला एक वेगळं केंद्र आहे, त्यामुळे काम बरंच लवकर होतं. ते जाहीर नोटीस काढतात, कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत सांगा म्हणून. आमच्या कंपनीवर कुणाचीच हरकत आली नाही. मला थोडं वाईटच वाटलं.

बँकेचं खातं बंद झाल्यानंतरच्या दिवाळीत एक आबा घरी आले. दोन वर्षांपूर्वीच्या पेरणीचे दीड हजार त्यांच्याकडे राहिले होते. मधल्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली होती, म्हणून जमलं नव्हतं. आम्ही ते पैसे केव्हाच बुडीत खात्यात टाकले होते. सीएला फोन केला तर तो म्हणाला, घेऊ नका, खातंच नाही तर दाखवणार कुठं? मी आबांना हे समजावून सांगायला लागलो. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे तू मला बुडव्या म्हणून लिहिलं का रे कागदावर?” याचं उत्तर कंपनी कायद्यात नाही. पैसे त्यांनी आईच्या हातात दिले, आईनं त्यांना फराळाचं बांधून दिलं, आणि हा व्यवहार कुठल्याच विवरणात आला नाही.

तर परिचयात काय लिहायचं? सध्या मी काय करतो हे तरी लिहावं लागेल. आमच्या भागातल्या एका शेतकरी गटाची अवजारे बँक आहे, तिची वही मी सांभाळतो. दोन ट्रॅक्टर, पलटी नांगर, रोटाव्हेटर, बीबीएफ पेरणी यंत्र आणि मका मळणी यंत्र. एवढ्याच गावांत काम, कायगावहून लासूरला नाही. पेरणीची पाळी पाऊस पडायच्या आधी, मे महिन्यात, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरते, आणि एका ट्रॅक्टरमागं ठरावीक एकरांच्या पुढं नाव घ्यायचंच नाही. ज्याचं नाव बसलं नाही त्याला मे महिन्यातच कळतं. तो दुसरी सोय बघतो आणि जूनमध्ये माझ्या वडिलांना फोन करत नाही. डिझेलचे पैसे आधी, बाकी माल निघाल्यावर. खरी कमाई पेरणीवर नाहीच, नांगरट आणि मळणीवर आहे, कारण ती कामं महिनाभर पसरवता येतात. यात मोठा धंदा होणार नाही. दोनाचे दोनशे ट्रॅक्टर करायला गेलो तर पुन्हा तोच वाफसा आडवा येईल.

राजपत्रात नाव निघालं की कंपनी संपली, असंही पूर्ण खरं नाही. कलम २५२ प्रमाणे वीस वर्षांपर्यंत कुणी सभासद किंवा धनको न्यायाधिकरणाकडे जाऊन तिला परत उभी करायची मागणी करू शकतो. भागीदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “तू नको जाऊस बरं का.”

तालुक्यात आणखी दोघं-तिघं मुलं अवजारांच्या ॲपचा विचार करताहेत, असं कानावर आलंय. त्यांनी अवश्य करावा. माझ्याकडे चार हंगामांची वही आहे. पाऊस कुठल्या तारखेला कुठल्या गावात पडला, त्या दिवशी किती मागण्या आल्या, किती एकर पेरले गेले, कुणाचे पैसे कधी आले, सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. ती बघायला या, फोटो काढून न्या. फक्त मेअखेरच्या आत या. जूनमध्ये मला वेळ नसतो.